लोखंडी कडी थंड, लाकडी दार उबदार: हात नेमकं काय मोजतो?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा जे लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचतात, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे आकडे भराभर सांगितले होते तिथे इथे जरा सावकाश लिहिलंय. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

प्रश्न एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. हिवाळ्यात सकाळी घराचं लाकडी दार उघडताना दाराला हात लावला तर काही वाटत नाही, पण त्याच दाराच्या लोखंडी कडीला हात लावला की अंगावर काटा येतो. दोन्ही रात्रभर एकाच हवेत होते. मग कडी जास्त थंड कशी?

थंड नसतेच. दोघांचं तापमान सारखं असतं. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या वस्तू खोलीच्याच तापमानाला येतात, मग ती कडी असो, दार असो की शेजारची प्लास्टिकची बादली. इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. त्यापुढचं शाळेतलं उत्तरही तुम्हाला पाठ असेल: "धातू उष्णतेचे सुवाहक आहेत म्हणून ते थंड लागतात." हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. पूर्ण उत्तर असतं तर तांबं स्टीलपेक्षा पंचवीस-सत्तावीस पट जास्त थंड लागायला हवं होतं, कारण तांब्याची वाहकता साध्या स्टेनलेस स्टीलच्या तितक्या पट आहे. तसं लागतं का? तांब्याचा तांब्या आणि स्टीलचा तांब्या शेजारी ठेवून बघा. फरक असेलही, पण सत्तावीस पट? छे.

आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. दोन वस्तू वेगवेगळ्या तापमानाच्या आहेत, त्या अचानक एकमेकींना टेकल्या, तर जिथे टेकल्या त्या पृष्ठभागाचं तापमान किती होतं? तुमच्या त्वचेला जे जाणवतं ते हेच. कडीचं तापमान तुम्हाला कधीच जाणवत नाही. तुमच्या स्वतःच्या त्वचेचं तापमान कुठवर घसरलं, हे जाणवतं. आपल्या नसांची टोकं कडीत नाहीत, आपल्या कातडीत आहेत. हे ऐकायला साधं वाटतं, पण सगळा गुंता इथेच सुटतो.

तर उदाहरण घेऊ. मला कडीपेक्षा स्वयंपाकघर सोयीचं पडेल, कारण तिथे जाड वस्तू मिळतात, आणि जाड का हव्यात ते पुढे येईलच. जानेवारीतली नाशिकची पहाट समजा. ओट्यावर रात्रभर दोन वस्तू पडून आहेत: स्टेनलेस स्टीलचा भरीव खलबत्ता आणि लाकडी पोळपाट. स्वयंपाकघरात १२ अंश. तुमच्या तळहाताची त्वचा ३३ अंशाच्या आसपास. (शरीराच्या आत ३७ असतं, पण हाताची कातडी त्याहून थंड असते.) आता एक हात बत्त्यावर, एक हात पोळपाटावर.

हात टेकल्याबरोबर काय होतं? उष्णता हातातून बाहेर पडायला लागते. पण ती एका झटक्यात सगळ्या हातातून निघत नाही. आधी कातडीचा अगदी वरचा पापुद्रा गार होतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. पलीकडे बत्त्यातही तेच, फक्त उलट: आधी वरचा थर गरम होतो, मग आतला. म्हणजे टेकण्याची बातमी दोन्ही बाजूंनी आत पसरत जाते. ही बातमी किती वेगाने पसरते त्याचा एक नियम आहे, आणि तो जरा विचित्र आहे. चौपट वेळ दिला तर बातमी दुप्पट खोल जाते, चौपट नाही. नऊपट वेळ दिला तर तिप्पट. वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने. एका सेकंदात कातडीत ती साधारण ०.३ मिलिमीटर पोचते, लाकडात ०.४ मिलिमीटर, आणि स्टीलमध्ये जवळजवळ २ मिलिमीटर.

लाकडाचा आकडा परत वाचा. पोळपाट केवढाही मोठा असू दे, पहिल्या सेकंदात तुमच्या हाताची गाठ पडते ती त्याच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या थराशी. बाकीच्या पोळपाटाला तुम्ही हात लावलाय याचा पत्ताच नाही. तो पातळ थर पटकन तुमच्या हाताइतपत गरम होतो, आणि मग तोच मधे उभा राहून तुम्हाला मागच्या थंड लाकडापासून वाचवतो. स्टीलमध्ये थर जाड, शिवाय तेवढ्या जाडीतलं स्टील गरम करायला उष्णताही खूप लागते. त्यामुळे स्टीलचा पृष्ठभाग तुमच्याकडे सरकत नाही, तुमच्या कातडीला आपल्याकडे ओढून घेतो.

इथे "ओढून घेतो" म्हटलं खरं, पण कोण कोणाला किती ओढतो हे मोजता येतं. जिथे दोन वस्तू टेकल्या तिथे एक अट पाळली गेलीच पाहिजे: हातातून जितकी उष्णता बाहेर येते तितकीच पलीकडे आत जाते. मधल्या मधे ती कुठे साठू शकत नाही. आता हातातून दर सेकंदाला किती उष्णता येते? तापमान किती घसरलं, त्याला थराच्या जाडीने भागा आणि वाहकतेने गुणा. पलीकडेही तसंच. दोन्ही बाजूंचे थर वेळेबरोबर जाड होत जातात, पण दोघेही त्याच वर्गमुळाच्या नियमाने. म्हणून दोन्ही बाजू समान धरून गणित मांडलं की वेळ दोन्हीकडून कटून जातो. उरतं ते हे:

```
Tc = (e1·T1 + e2·T2) / (e1 + e2)
e  = √(k·ρ·c)
```

`Tc` म्हणजे टेकलेल्या जागेचं तापमान. `T1` आणि `T2` ही दोन वस्तूंची सुरुवातीची तापमानं. आणि `e` हा आजचा हिरो. `k` वाहकता, `ρ` घनता, `c` विशिष्ट उष्मा, या तिघांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. याला थर्मल इफ्युसिव्हिटी म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द मला तरी सापडला नाही, म्हणून मी त्याला "वजन" म्हणणार आहे, कारण सूत्रात तो वजनाचंच काम करतो.

निवडणुकीसारखं समजा. टेकलेल्या जागेचं तापमान किती असावं यावर मतदान आहे. हात म्हणतो ३३, पलीकडची वस्तू म्हणते १२. कोणाकडे किती मतं? त्वचेकडे साधारण १,२००. स्टेनलेस स्टीलकडे ७,७००. लाकडाकडे ४००. (लाकूड कोणतं, कोरडं की ओलं, यावर बदलतं. त्वचेचंही तसंच. हे आकडे ढोबळ आहेत, पण गोष्ट सांगायला पुरेसे आहेत. एककं मुद्दाम लिहीत नाहीये, फार वेडीवाकडी आहेत, आणि आपल्याला फक्त तुलना करायची आहे.)

बत्त्याचा निकाल: १,२०० गुणिले ३३ म्हणजे ३९,६००. ७,७०० गुणिले १२ म्हणजे ९२,४००. बेरीज १,३२,०००, भागिले एकूण मतं ८,९००. उत्तर १४.८ अंश.

पोळपाटाचा निकाल: ३९,६०० अधिक ४०० गुणिले १२, म्हणजे ४,८००. बेरीज ४४,४००, भागिले १,६००. उत्तर २७.८ अंश.

दोन्ही वस्तू १२ अंशाच्या. तरी एका हाताची कातडी १५ च्या खाली गेली आणि दुसऱ्याची २८ च्या जवळ राहिली. तेरा अंशांचा फरक, आणि तो खराखुरा फरक आहे, मनाचा खेळ नाही. "आपल्याला उगाच थंड वाटतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमची कातडी खरोखरच तेवढी गार झालेली असते. हात थर्मामीटर म्हणून नापास, पण तो खोटं बोलत नाहीये. तो स्वतःचं तापमान सांगतोय.

आता मघाच्या तांब्याकडे येऊ. तांब्याचं वजन सुमारे ३७,०००. तीच बेरीज केली की तांब्याच्या जाड ठोकळ्याला हात लावल्यावर कातडी १२.७ अंशावर येते. स्टीलला १४.८, तांब्याला १२.७. वाहकता सत्तावीस पट, पण हाताला फरक दोनच अंशांचा! याची कारणं दोन. एक म्हणजे वर्गमूळ, ते मोठ्या फरकांना दाबून टाकतं. आणि दुसरं, मतदानात स्टीलकडेच आधी प्रचंड बहुमत होतं. ज्याच्याकडे शंभरातली सत्याऐंशी मतं आहेत त्याला आणखी मतं देऊन निकाल फारसा बदलत नाही. स्टीलने कातडीला जवळजवळ १२ पर्यंत आणलेलंच होतं, आणि १२ च्या खाली तर तांबंही नेऊ शकत नाही.

अजून एक गंमत, आणि ही माझी आवडती. बातमी पसरण्याच्या वेगाबद्दल बोललो ना, त्या शर्यतीत हवा स्टीलपेक्षा पुढे आहे. स्थिर हवेत तापमानाचा बदल स्टेनलेस स्टीलपेक्षा पाचेक पट जोराने पसरतो. मग हवा स्टीलपेक्षा थंड लागायला हवी? पण १२ अंशाच्या खोलीत नुसता हात मोकळा धरला तर काही झटका बसत नाही. कारण हवेचं वजन आहे सहाच्याही खाली. सहा हजार नाही, सहा. बातमी पळते वेगाने, पण हवा इतकी विरळ की तिला गरम करायला जवळजवळ काही लागतच नाही, मग ती हातातून ओढून घेणार तरी काय? म्हणून "ज्यातून उष्णता पटकन पळते ते थंड लागतं" हेही पूर्ण खरं नाही. वाहकता, घनता आणि उष्णता साठवायची ताकद, तिघं मिळून ठरवतात.

सूत्रात एक गोष्ट नाही, ती लक्षात आली का? वेळ नाही. म्हणजे टेकताक्षणी जे तापमान ठरलं ते तिथेच थांबतं, हळूहळू घसरत नाही. मला पहिल्यांदा हे वाचून पटलं नव्हतं. वाटायचं की हात ठेवून राहिलो तर जागा गार होत जाईल. होते, पण खोलवर. पृष्ठभाग तिथेच अडून राहतो आणि गारवा आत आत सरकत जातो. मात्र हातातून निघणारी उष्णता वेळेबरोबर कमी होत जाते, कारण मधले थर जाड होत चालले. बत्त्यावर पहिल्या सेकंदाच्या शेवटी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे १.२ वॉट उष्णता निघत असते. चौथ्या सेकंदाच्या शेवटी निम्मी. पोळपाटावर पहिल्या सेकंदाच्या शेवटीच ०.४ वॉटच्या आत. आणि आपल्या कातडीतले थंडी ओळखणारे तंतू तापमानाला जितका प्रतिसाद देतात त्याहून जास्त तापमान बदलण्याला देतात. पहिल्या क्षणी "आई गं!" आणि दहा सेकंदांनी "ठीक आहे", हे त्यामुळे.

हे गणित नवं नाही बरं का. उष्णता कशी वाहते याचं समीकरण जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ सालच्या ग्रंथात मांडलं, आणि टेकणाऱ्या दोन घन वस्तूंचं हे उत्तर त्याच समीकरणातून निघतं. पुस्तकांत अशा वस्तूंना "सेमी-इनफिनिट" म्हणतात. म्हणजे एका बाजूला पृष्ठभाग आहे, पण दुसऱ्या बाजूला संपतच नाहीत अशा. अशी वस्तू जगात कुठे असते? कुठेच नाही. पण पोळपाट सेमी-इनफिनिट असल्यासारखा वागतो, जोपर्यंत बातमी त्याच्या मागच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली नाही. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या लाकडात तिला पोचायला पंधरा-वीस मिनिटांहून जास्त लागतात. तेवढा वेळ त्याच्या दृष्टीने तो अनंत आहे. कातडीचंही तसंच: काही सेकंदांपुरता हात अनंत आहे. त्यानंतर रक्त येऊन ऊब पुरवायला लागतं आणि आपलं सूत्र सुटतं.

म्हणूनच मी जाड वस्तू मागितली होती. पातळ वस्तूंत काय होतं बघा. डब्यातल्या पराठ्याभोवती गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. अ‍ॅल्युमिनियमचं वजन २४,०००, म्हणजे स्टीलच्या तिप्पट. सूत्राप्रमाणे ओव्हनमधून काढलेल्या १८० अंशाच्या फॉइलला हात लावला तर कातडी १७० च्या पुढे जायला हवी, बोट जळायलाच हवं. पण नुसत्या फॉइलचं मोकळं टोक लोक चिमटीत धरून उचलतात आणि काही होत नाही. कारण ती एका मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्श्याइतकी जाड. तिची सगळी साठवलेली उष्णता एका क्षणात संपते, आणि तेवढ्याने कातडी जेमतेम चार-पाच अंश वर जाते. मतं चोवीस हजार, पण मतदार पळून गेले, असा प्रकार. मात्र तिच्या पाठीला गरम पदार्थ चिकटलेला असेल तर तो मागून उष्णता पुरवत राहतो आणि बोट भाजतंच. टोक धरा, पोट धरू नका.

आता हेच गणित उलट दिशेने चालवू, कारण खरी काळजीची बाजू तिकडे आहे. वस्तू ३३ अंशांची असेल तर लोखंड आणि लाकूड सारखंच लागेल, कारण उष्णता कुठेच जायची नाही. आणि ३३ च्या वर गेलात की धातू लाकडापेक्षा जास्त गरम लागायला लागतो. नागपूरकरांना हे सांगायची गरज नाही. मे महिन्यात दुपारी, सावलीतल्या, ४२ अंशाच्या व्हरांड्यातलं दार. लाकडाला हात लावला तर कातडी ३५ वर, काही वाटत नाही. त्याच दाराचा स्टीलचा जाड हँडल, तर जवळजवळ ४१. जानेवारीत जो थंड होता तोच मे महिन्यात चटका देतो, आणि दोन्ही वेळा तो दारापेक्षा एक अंशही वेगळा नसतो. फिनलंडच्या सौनामध्ये लोक ८०-९० अंशांच्या लाकडी बाकांवर उघड्या अंगाने बसतात. ९० अंशांचं लाकूड कातडीला ४७ च्या आसपास नेतं, तेही टॉवेल नसेल तर. पण त्याच बाकातल्या स्टीलच्या खिळ्याचं डोकं ८२ पर्यंत नेईल, म्हणून सुतार खिळे लाकडात खोल बुडवतात किंवा खालून ठोकतात.

आता तुमच्या सोसायटीतल्या किंवा बागेतल्या घसरगुंडीकडे या. उन्हात तापलेला स्टीलचा पत्रा ६० अंशांवर आहे असं धरू. मुलाची मांडी किंवा तळवा टेकताक्षणी कातडी ५६ वर जाते. तुम्ही म्हणाल पत्रा तर पातळ, फॉइलसारखा संपेल की. नाही. दीड मिलिमीटरचा पत्रा फॉइलच्या शंभर पट जाड असतो. त्याची साठवण हातासमोर संपायला काही सेकंद नाही, दहा-वीस सेकंदांच्या घरातला वेळ लागतो, आणि आजूबाजूचा तापलेला पत्राही उष्णता पुरवतो. तेवढ्यात काम झालेलं असतं. प्लास्टिकची घसरगुंडी त्याच ६० अंशांवर कातडीला ४५ च्या खाली ठेवते, कारण प्लास्टिकचं वजन ९०० च्या घरात. पण गडद रंगाचं प्लास्टिक कडक उन्हात ८० पर्यंत गेलं तर तेही कातडीला ५३ वर नेतं. म्हणजे "प्लास्टिक आहे, बस बिनधास्त" हेही चालणार नाही.

५६ म्हणजे किती वाईट? भाजणं फक्त तापमानावर नसतं, तापमान आणि वेळ दोन्हींवर असतं. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी हे पद्धतशीर मोजलं. कातडी ४४ अंशांवर धरली तर इजा व्हायला काही तास लागतात. ६० अंशांवर पाचेक सेकंद पुरतात. मधल्या प्रत्येक अंशाला वेळ भराभर कमी होत जातो. मोठा माणूस चटका बसताच उठतो. पण वर्ष-दीड वर्षाचं मूल घाबरून तिथेच थिजू शकतं, त्याला स्वतःला उचलता येत नाही, आणि त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. म्हणून घसरगुंडीवर बसवण्याआधी स्वतःच्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून ठेवा. नुसतं बोट लावून काढू नका. बोट निबर असतं, आणि एका क्षणाच्या स्पर्शात बातमी चटका ओळखणाऱ्या नसांपर्यंत पोचतही नाही. पाच सेकंद हात ठेवता आला नाही, तर मूलही ठेवायचं नाही.

काही जण म्हणतील, लेझरवाली थर्मामीटर गन आहे, तिने मोजू. जरूर मोजा, पण चकचकीत स्टीलवर ती फसते. ती वस्तूतून निघणारे अवरक्त किरण मोजते, आणि चकचकीत धातू स्वतःचे किरण फारच कमी सोडतो. वर आजूबाजूचे किरण आरशासारखे परत पाठवतो. तापलेल्या पत्र्यावर ती बऱ्याचदा खूप कमी आकडा दाखवते, आणि तो आकडा बघून मूल बसवलं तर पंचाईत. साधा उपाय: पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप नाहीतर मास्किंग टेप चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर नेम धरा.

घरी करून बघायचं असेल तर बर्फाचा प्रयोग करा. जाड अ‍ॅल्युमिनियमचा तवा आणि लाकडी पोळपाट ओट्यावर तासभर ठेवा. हात लावून मित्राला विचारा, जास्त थंड कोणतं? तो तवा म्हणेल. मग विचारा, बर्फ कशावर आधी वितळेल? बहुतेक जण पोळपाट म्हणतात, कारण तवा "थंड" आहे. मग दोन सारखे खडे ठेवा. तव्यावरचा खडा बघता बघता पाणी होतो, पोळपाटावरचा तसाच बसलेला असतो. तवा बर्फापेक्षा गरम आहे, आणि आपली ऊब तो बर्फाला भराभर देतो. हाताकडून घेताना जो घाईचा तोच देतानाही घाईचा.

या प्रयोगात एक अडचण आहे, आणि आपल्या सूत्राचीही तीच सर्वांत मोठी. आपण धरून चाललो की दोन पृष्ठभाग पूर्ण टेकले. प्रत्यक्षात ते टोकाटोकांवर टेकतात आणि मधे हवेच्या फटी राहतात. हवेचं वजन किती ते मघाशी पाहिलंच. बर्फ वितळून पाणी झालं की ते फटी भरून काढतं, म्हणून पहिल्या काही क्षणांनंतर तव्यावरचा बर्फ आणखी जोरात वितळतो. हाताचंही तसंच. बोटांच्या रेषांमध्ये हवा असते, त्यामुळे कोरड्या हाताला धातू सूत्रात सांगितल्यापेक्षा थोडा कमी थंड लागतो आणि तापमान झटक्यात न पडता जरा हळू घसरतं. लाकडाच्या बाबतीत या फटीने फारसं बिघडत नाही, कारण तिथे उष्णतेचा प्रवाहच लहान असतो. धातूच्या बाबतीत बिघडतं. हात ओला करून तीच कडी धरा, किंवा नुसतं जोरात दाबून धरा, लगेच जास्त गार लागेल. आणि गरम तवा उतरवताना ओलं फडकं का घेऊ नये, तेही इथेच आहे. कोरड्या फडक्यात धाग्यांमध्ये हवा असते, ओल्यात तिची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाण्याचं वजन १,६००. तुमच्या कातडीपेक्षाही जास्त.